नाशिकचं दुकान उत्तर ध्रुवाकडे कसं जातं

समजा, चष्म्यांच्या दुकानांची एक साखळी आहे. बहुतेक शाखा महाराष्ट्रात, एक पणजीला आणि एक नुकतीच गुवाहाटीत उघडलेली. वेबसाइटवर 'जवळचं दुकान शोधा' असं पान करायचं आहे, म्हणून प्रत्येक शाखेकडून पिनकोड आणि नकाशावरची जागा मागवली. जसजशी माहिती आली तसतशी ती एका एक्सेल शीटमध्ये भरली आणि शेवटी तिची सीएसव्ही फाइल काढली. ती अशी दिसते:

```
id,city,pin,lat,lng
101,Pune,411002,18.5204,73.8567
102,Nashik,422001,73.7898,19.9975
103,Kolhapur,416002,16.7050,742433
104,Guwahati,781001,91.7362,26.1445
105,Panaji,403001,15.4909,73.8278
106,Satara,415001,17.4050,74.0106
107,Thane,400601,,
```

`lat` म्हणजे अक्षांश आणि `lng` म्हणजे रेखांश. या सात ओळींपैकी फक्त पुणे आणि पणजी बरोबर आहेत. बाकीच्या पाच ओळी चुकलेल्या आहेत आणि त्यांच्या चुका वेगवेगळ्या चाळण्यांत अडकतात. काही चुका पहिल्याच चाळणीत सापडतात, तर एक अशी आहे की ती शेवटपर्यंत निसटत जाते. कोणती चाळणी काय अडवते हे नीट कळलं, तर अशी यादी तपासणं फार अवघड राहत नाही.

आधी या आकड्यांच्या मर्यादा पाहू. अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात. विषुववृत्तावर तो ०, उत्तर ध्रुवावर ९० आणि दक्षिण ध्रुवावर उणे ९०. ध्रुवाच्या पलीकडे उत्तर दिशाच उरत नाही, त्यामुळे ९१ अक्षांश नावाची जागा पृथ्वीवर नाही. रेखांश ग्रिनिचच्या रेषेपासून पूर्वेला आणि पश्चिमेला मोजतात, दोन्हीकडे १८० पर्यंत. म्हणून जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामर सगळ्यात आधी लिहितो ती तपासणी अशी असते: अक्षांश उणे ९० ते ९० च्या आत हवा, रेखांश उणे १८० ते १८० च्या आत हवा. हिला रेंज चेक म्हणतात.

आपल्या यादीवर हा रेंज चेक चालवला तर कोल्हापूरची ओळ लगेच अडकते, कारण ७,४२,४३३ असा रेखांश असूच शकत नाही. खरा आकडा ७४.२४३३ होता, टाइप करताना दशांश चिन्ह गळलं. गुवाहाटीही अडकते, कारण तिथे अक्षांशाच्या रकान्यात ९१.७३६२ आला आहे. पण नाशिकची ओळ बिनबोभाट पुढे जाते. तिथेही गुवाहाटीसारखीच अदलाबदल झाली आहे, तरी ७३.७८९८ हा अक्षांश म्हणून चालून जातो, कारण तो ९० पेक्षा कमी आहे. १९.९९७५ हा रेखांश म्हणून तर चालतोच.

मग हे दुकान नकाशावर कुठे पडतं? ७३.७९ उत्तर अक्षांश आणि २० पूर्व रेखांश म्हणजे आर्क्टिक भागातला समुद्र, नॉर्वेची मुख्य भूमी आणि स्वालबार द्वीपसमूह यांच्या मध्ये. तिथे बेअर आयलंड नावाचं एक बेट आहे, त्याच्या दक्षिणेला साधारण ७५-८० किलोमीटरवर. नाशिकपासून हे अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर भरतं.

ही गोष्ट एकट्या नाशिकची नाही. पुण्याच्या आकड्यांची अदलाबदल केली तर तेही याच समुद्रात, बेअर आयलंडच्या आणखी थोडं जवळ पडतं. नागपूर स्वालबारमध्येच जाऊन बसतं. भारतात जितकं पूर्वेला जावं तितका रेखांश वाढतो, आणि अदलाबदल झालेलं दुकान तितकं उत्तर ध्रुवाकडे सरकतं. कोलकाता पोचतं ८८.३६ वर, म्हणजे ध्रुवापासून अवघ्या १८० किलोमीटरच्या आसपास. ९० ची मर्यादा ओलांडली जाते ती आसाममधल्या धुबरीच्या पूर्वेला. थोडक्यात, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबार सोडले तर भारतातल्या कुठल्याही दुकानाच्या अक्षांश-रेखांशांची अदलाबदल रेंज चेकला दिसत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या तर एकाही दुकानाची अदलाबदल त्याला सापडणार नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रेंज चेक सगळीकडे इतका आंधळा नसतो. टोकियोचा रेखांश १३९ च्या पुढे आहे, सिडनीचा १५१ च्या, अमेरिकेतल्या डेनव्हरचा उणे १०५ च्या आसपास. तिथल्या यादीत अदलाबदल झाली की रेंज चेक ती तत्काळ पकडतो. तिथल्या माणसाने आपल्या शहराचे आकडे उलटे घालून पाहिले, प्रोग्रामने ते नाकारले, तर हीच तपासणी अदलाबदलही पकडते असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. तोच कोड आपण जसाच्या तसा घेतला की तो नाशिकचं दुकान आर्क्टिकला पाठवतो आणि शेवटी 'सर्व नोंदी बरोबर' असा हिरवा शेराही देतो.

अदलाबदल होते तरी कुठे

निष्काळजीपणा हे क्वचितच कारण असतं. खरं कारण असं की दोन आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे, याच्या दोन परंपरा आहेत आणि दोन्ही जोरात चालू आहेत.

बोलताना आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, अक्षांश आधी. दर्यावर्दी आणि भूगोलवाले शतकानुशतकं असंच लिहीत आले. गूगल मॅप्सवर एखाद्या जागी राइट क्लिक केलं की जे आकडे कॉपी होतात, त्यातही अक्षांश आधी असतो. मात्र गणितात आधी आडवा अक्ष आणि मग उभा, म्हणजे आधी `x` आणि मग `y`. पूर्व-पश्चिम हा आडवा अक्ष, त्यामुळे `x` म्हणजे रेखांश. ज्यांनी नकाशाचे फाइल फॉरमॅट आणि डेटाबेस बनवले त्यांतल्या अनेकांनी हा गणिती क्रम उचलला. जिओजेसन या फॉरमॅटचं २०१६ सालचं मानक, आरएफसी ७९४६, स्पष्ट सांगतं की आधी रेखांश, मग अक्षांश. केएमएल फाइलमध्येही तोच क्रम. पोस्टजीआयएस या डेटाबेसमध्ये पुण्याचा बिंदू करायचा तर `ST_MakePoint(73.8567, 18.5204)` असं लिहावं लागतं. दुसरीकडे लीफलेट ही नकाशा दाखवणारी लोकप्रिय लायब्ररी अक्षांश आधी मागते.

आता आपल्या साखळीत काय झालं असेल ते पाहा. पुण्याच्या व्यवस्थापकाने गूगल मॅप्सवरून आकडे कॉपी केले. नाशिक आणि गुवाहाटीची माहिती आली एखाद्या डिलिव्हरी कंपनीच्या जिओजेसन फाइलमधून. शीट भरणाऱ्याने दोन्हीकडचे आकडे आले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे चिकटवले. जो तो आपापल्या जागी बरोबर होता, चूक झाली ती दोन्ही एकत्र आणताना.

यातून तपासताना उपयोगी पडणारी एक खूण मिळते. चुकलेल्या ओळी किती आणि कोणत्या, हे आधी पाहायचं. सगळीच्या सगळी यादी उलटी असेल, तर रकान्यांची नावं किंवा फाइल वाचणारा कोड उलटा आहे, आणि दुरुस्ती तिथे एकाच ठिकाणी करायची. थोड्याच ओळी उलट्या असतील, तर त्या कुठून आल्या ते शोधायचं. बहुतेक वेळा त्या सगळ्या एकाच माणसाकडून किंवा एकाच फाइलमधून आलेल्या निघतात.

भारताची चौकट

रेंज चेकपेक्षा लहान चाळणी हवी, आणि ती आपल्याला शाळेच्या भूगोलातच मिळालेली आहे. निकोबारच्या इंदिरा पॉइंटपासून धरलं तर भारत साधारण ६°४५′ ते ३७°६′ उत्तर अक्षांशांमध्ये आणि ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व रेखांशांमध्ये बसतो. थोडी मोकळीक ठेवून अक्षांश ६ ते ३८ आणि रेखांश ६८ ते ९८ अशी चौकट धरू.

या चौकटीचा एक गुण असा की तिचे दोन पट्टे एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. भारतातला सगळ्यात मोठा अक्षांश ३७ च्या आसपास, सगळ्यात लहान रेखांश ६८. मध्ये तीस अंशांची मोकळी जागा आहे. त्यामुळे एखादा आकडा एकटा समोर आला तरी तो अक्षांश आहे की रेखांश हे भारतापुरतं ठामपणे सांगता येतं. अक्षांशाच्या रकान्यात ७३ दिसला की तो भारतातला अक्षांश नाही, याला अपवाद नाही.

हे सगळ्या देशांच्या नशिबात नसतं. तुर्कस्तान अक्षांशाने साधारण ३६ ते ४२ आणि रेखांशाने २६ ते ४५ मध्ये आहे. तिथे ३९ हा आकडा दोन्हीपैकी काहीही असू शकतो. काही ठिकाणांचे आकडे उलटे केले तरी जागा देशातच राहते, आणि तिथे चौकटीच्या तपासणीवर विसंबता येत नाही.

आपल्या यादीसाठी कोड एवढा पुरतो:

```python
def check(lat, lng):
    if 6 <= lat <= 38 and 68 <= lng <= 98:
        return "ok"
    if 6 <= lng <= 38 and 68 <= lat <= 98:
        return "swapped?"
    if not (-90 <= lat <= 90 and -180 <= lng <= 180):
        return "out of range"
    return "outside India"
```

यात क्रमाला अर्थ आहे. रेंज चेक सगळ्यात वर ठेवला असता तर गुवाहाटीच्या ओळीवर 'आकडा मर्यादेबाहेर' असा शेरा आला असता. तो खोटा नाही, पण शाखेतल्या माणसाला त्यातून काय करायचं ते कळत नाही. तो बिचारा ९१.७३६२ कुठे टाइप करताना चुकला हे शोधत बसेल, आणि आकडा तर मुळात बरोबरच आहे. अदलाबदलीची शंका आधी तपासली की नाशिक आणि गुवाहाटी दोघांनाही एकच, उपयोगाचा शेरा मिळतो. कोल्हापूर मात्र 'मर्यादेबाहेर' मध्येच जातं, आणि तेच योग्य आहे.

कोल्हापूरचं दशांश चिन्ह प्रोग्रामनेच परत बसवावं का, असा मोह होतो. भारतातल्या रेखांशाला दशांश चिन्हाआधी नेहमी दोनच अंक असतात, त्यामुळे ७४२४३३ चा ७४.२४३३ करणं सोपं दिसतं. अक्षांशाचं तसं नाही. तिरुवनंतपुरमचा अक्षांश साडेआठच्या आसपास आहे, तिथे दशांशाआधी एकच अंक. शिवाय चिन्ह गळताना एखादा अंकही गळला असेल तर तो कोणता, हे प्रोग्रामला कसं कळणार? म्हणून अंदाज सुचवावा, पण बदल माणसाला करू द्यावा.

अदलाबदलीबद्दलही माझं मत हेच आहे. भारतापुरत्या यादीत आकडे आपोआप पालटून घेणं तांत्रिकदृष्ट्या सुरक्षित आहे, तरी ते गुपचूप करू नये. मूळ शीट चुकीचीच राहते, आणि तीच शीट उद्या डिलिव्हरीवाल्यांकडे किंवा जाहिरातवाल्यांकडे जाते, जिथे आपला दुरुस्त करणारा कोड नसतो. आणि साखळीने दुबईत शाखा काढली की नियमही बदलतो. दुबई आहे २५.२० अक्षांश, ५५.२७ रेखांशावर. हे आकडे उलटे झाले तर दुकान लिथुएनियात, राजधानी व्हिल्नियसच्या उत्तरेला पडतं, चांगल्या कोरड्या जमिनीवर. 'समुद्रात पडलं की चूक' एवढाच नियम ठेवलेला असेल तर ही चूक सुटते. तेव्हा यादीत देशाचा रकाना ठेवावा आणि प्रत्येक देशाची चौकट वेगळी लावावी.

रिकामी ओळ

ठाण्याची ओळ पाहायला सगळ्यात निरुपद्रवी दिसते. आकडेच नाहीत, मग चुकणार काय? पण रिकाम्या रकान्याचं पुढे काय होतं ते फाइल वाचणाऱ्या कोडवर अवलंबून असतं. जावास्क्रिप्टमध्ये `Number("")` चं उत्तर ० येतं. म्हणजे दुकान ०, ० वर जातं, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, आणि रेंज चेकला ते पूर्णपणे मान्य असतं. जगभरच्या याद्यांमधल्या इतक्या हरवलेल्या नोंदी या एका बिंदूवर जमा होतात की नकाशांवर काम करणाऱ्यांनी तिथल्या काल्पनिक बेटाला 'नल आयलंड' असं नावच दिलं आहे.

`parseFloat("")` वापरलं तर ० ऐवजी `NaN`, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण मिळते. ती तर आणखी सहज निसटते. `NaN` ची कशाशीही लहान-मोठी तुलना केली तरी उत्तर 'नाही' असंच येतं. त्यामुळे तपासणी `lat < -90 || lat > 90` असेल तर नकार द्या, अशी लिहिलेली असली, की `NaN` दोन्ही अटींना 'नाही' म्हणतो आणि नकार मिळतच नाही. हीच तपासणी उलट बाजूने लिहावी: आकडा चौकटीच्या आत आहे असं सिद्ध झालं तरच घ्या. वरच्या कोडमध्ये ते तसंच आहे. अर्थात रिकामा रकाना आधीच वेगळा काढून 'जागा भरलेली नाही' असं स्पष्ट सांगणं सगळ्यात चांगलं.

साताऱ्याची ओळ

आता राहिलं सातारा. १७.४०५०, ७४.०१०६. मर्यादेत आहे, भारताच्या चौकटीत आहे, महाराष्ट्राची चौकट लावली तरी आत आहे. जिल्ह्याच्या सीमारेषा घेऊन तपासलं तरी हा बिंदू सातारा जिल्ह्यातच पडतो. आणि तरीही दुकान तिथे नाही. ते आहे सातारा शहरात, १७.६८०५, ७४.०१८३ च्या आसपास. यादीतला बिंदू तिथून जवळपास ३० किलोमीटर दक्षिणेला, पाटण-उंब्रजच्या बाजूला आहे.

झालं असं की कोणीतरी आकडे अंश, मिनिटं आणि सेकंदांमध्ये घेतले. साताऱ्याचा अक्षांश त्या पद्धतीने १७ अंश ४० मिनिटं ५० सेकंद होतो. शीटमध्ये दशांश आकडा हवा होता, म्हणून १७ नंतर टिंब देऊन ४० आणि ५० पुढे लिहून टाकले. पण ४० मिनिटं म्हणजे ६० पैकी ४०, शंभरापैकी ४० नव्हेत. खरा हिशोब असा: ४० भागिले ६०, अधिक ५० भागिले ३,६००, म्हणजे ०.६८०५ पेक्षा किंचित जास्त. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा असतो, त्यामुळे ०.६८ च्या जागी ०.४० लिहिलं की तीस किलोमीटर गेलेच. रेखांशात मिनिट एकच होतं, म्हणून तिकडे फरक एक किलोमीटरचाही नाही.

एका ओळीत ही चूक ओळखता येत नाही, यादी लांब असेल तर मात्र येते. मिनिटं आणि सेकंद कधीच ६० पर्यंत पोचत नाहीत. खऱ्या दशांश आकड्यांमध्ये टिंबानंतरचे पहिले दोन अंक ००पासून ९९पर्यंत कुठेही असतात, म्हणजे विखुरलेल्या दुकानांच्या यादीत सुमारे चाळीस टक्के आकड्यांत ते ६० किंवा त्याहून जास्त निघायला हवेत. एखाद्या विभागाकडून वीस-पंचवीस दुकानं आली आणि एकाही आकड्यात टिंबानंतर ६० च्या वरची जोडी नाही, तर तिथे मिनिटं-सेकंद चिकटवले आहेत असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. दुकानं सगळी एकाच शहरातली असतील तर हा हिशोब लागू पडत नाही, कारण मग सुरुवातीचे अंक तसेही सारखेच येणार.

एकट्यादुकट्या ओळीसाठी खरी मदत करतो तो पिनकोड. प्रत्येक पिनकोडच्या भागाचा साधारण मध्यबिंदू घ्यायचा आणि दुकानाचा बिंदू त्यापासून किती दूर आहे ते मोजायचं. शहरात पाच किलोमीटर आणि ग्रामीण भागात वीस-पंचवीस किलोमीटर अशी सवलत ठेवून सुरुवात करावी, कारण गावाकडचा एक पिनकोड बराच मोठा भाग व्यापतो. ४१५००१ च्या मध्यापासून ३० किलोमीटरवरचं दुकान या चाळणीत अडकतं. अक्षांशात १७.६८ च्या जागी १७.८६ असे अंक उलटे पडले असतील तर तेही इथेच अडकतं. मात्र इथे अडकलेली ओळ चुकीचीच आहे असं धरू नये. कधी बिंदू बरोबर असतो आणि पिनकोडच जुना किंवा शेजारच्या भागाचा असतो. दोन माहितींचं एकमेकींशी जुळत नाही, एवढंच या तपासणीला कळतं.

तपासणी नसेल तर कसं कळतं

गंमत म्हणजे ग्राहकाकडून तक्रार येत नाही. नाशिकचा माणूस जवळचं दुकान शोधतो, यादी अंतरानुसार लागते, आणि ६,८०० किलोमीटरवरचं नाशिकचं दुकान सगळ्यात शेवटी जातं किंवा ५० किलोमीटरच्या अटीमुळे दिसतच नाही. त्याला वाटतं नाशिकमध्ये यांची शाखा नसावी, आणि तो दुसरीकडे जातो. पानावर कसलीही एरर दिसत नाही, शाखेत येणारे लोक तेवढे कमी होतात.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसते. सगळी दुकानं एका नजरेत मावतील असा नकाशा उघडण्याची सोय बहुतेक पानांवर असते. एक जरी दुकान आर्क्टिकला किंवा गिनीच्या आखातात गेलं, तरी त्यालाही सामावून घ्यायला नकाशा मागे मागे जातो आणि महाराष्ट्राऐवजी अर्धं जग उघडतं. दुकानांचा नकाशा असा उघडताना दिसला की झूम करून पुढे जाऊ नये. सगळ्यात लांबची टाचणी कोणत्या दुकानाची आहे ते आधी पाहावं.

तपासणीचा निकाल ज्याच्या हातात जातो तो बहुधा प्रोग्रामर नसतो, शाखेचा व्यवस्थापक असतो. त्याला 'इनव्हॅलिड कोऑर्डिनेट्स' असं सांगून उपयोग नाही. नाशिकच्या ओळीसाठी संदेश असा असावा: 'दुकान १०२, नाशिक: अक्षांश ७३.७८९८ भारताबाहेरचा आहे. अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या जागी पडलेले दिसतात. १९.९९७५, ७३.७८९८ ही जागा नकाशावर उघडून आपलं दुकान तिथेच आहे का ते पाहा.' सोबत त्या जागेची लिंक द्यावी. साताऱ्यासाठी: 'दुकान १०६: दिलेली जागा पिनकोड ४१५००१ पासून सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. आकडे मिनिटं-सेकंदांमध्ये घेतले होते का?' आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ यादीत न घेता बाजूला ठेवावी. बाकीची दुकानं मात्र तिच्यासाठी थांबवू नयेत.